गेलेल्या मित्रावर गाणं लिहायचं असेल तर: सवयी गोळा करण्यापासून गाण्याच्या दिवसापर्यंत

आमच्या भजनी मंडळात बसणाऱ्यांकडे दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी घडी घातलेला कागद घेऊन येतं. मित्र गेलेला असतो, गंधमुक्तीला नाहीतर वर्षश्राद्धाला त्याच्यावर दोन कडवी म्हणायची असतात, आणि कागदावर ‘काळाने घाला घातला’, ‘देवमाणूस हरपला’, ‘पोरके झालो आम्ही’ असं लिहिलेलं असतं. लिहिणाऱ्याचं दुःख खरं असतं. पण तेच शब्द गेल्या महिन्यात चौकातल्या फलकावर दुसऱ्याच माणसाच्या फोटोखाली छापलेले असतात. गाण्यातून मित्र निघून जातो आणि नुसतं रडणं उरतं.

ही चूक बहुतेक वेळा शब्दांची नसून क्रमाची असते. लोक आधी चाल पकडतात, मग दुःखाचे शब्द जुळवतात आणि शेवटी मित्राचं नाव बसवतात. खाली उलटा क्रम दिला आहे. उदाहरण म्हणून अमळनेर-पारोळा पट्ट्यातल्या माझ्या एका मित्रावर मी वर्षश्राद्धासाठी लिहिलेलं गाणं घेतो. तो विहिरीच्या मोटारी भरून द्यायचा, म्हणजे जळालेल्या मोटारीला नवी वाइंडिंग करायचा. थोडी कोरडवाहू शेती होती, आणि त्याची नि माझी विहीर एकाच डीपीवर होती.

## १. तारीख ठरवा आणि घरच्यांना विचारा

दहाव्यासाठी गाणं मागितलं तर मी नाही म्हणतो. त्या दहा दिवसांत घरात द्वारदर्शनाला येणाऱ्यांची रीघ असते, लिहिणाराही भानावर नसतो, आणि त्या दिवसांत सुचतं ते सगळं मरणाबद्दलचं असतं. माणूस कसा जगायचा ते आठवायला थोडा काळ जावा लागतो. वर्षश्राद्धाला म्हणायचं असेल तर आठव्या-नवव्या महिन्यात सुरुवात करा. घाई असेलच तर तीन आठवडे तरी हाताशी ठेवा: एक आठवडा सवयी गोळा करायला, एक लिहायला आणि एक गळ्यावर चढवायला.

लिहायला बसण्याआधी घरातल्या एका माणसाला विचारा. सगळ्यांना विचारलं तर प्रत्येक जण वेगळं गाणं मागतो. मी वहिनींना विचारलं. त्या एवढंच म्हणाल्या, “भाऊजी, लिहा. पण दवाखान्याचं काही नको.” ही अट मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवली.

इशारा: ज्या सवयीचा मरणाशी संबंध असेल ती गाण्यात घेऊ नका, ती कितीही गोड वाटली तरी. खूप वर्षांपूर्वी एका गाण्यात मी मित्राच्या तंबाखूच्या डबीवर दोन ओळी लिहिल्या होत्या. मंडपात सगळे हसले, त्याची आई मात्र उठून आत गेली. ती डबी तिच्यासाठी काय होती हे मला लिहिण्याआधी कळायला हवं होतं.

## २. सवयी गोळा करा, गुण नको

संपूर्ण कामात सर्वांत जास्त वेळ इथे द्या. साधी वही घ्या आणि निदान तीस नोंदी होईपर्यंत गाण्याची एकही ओळ लिहू नका.

नोंद कशी लिहायची याचा एकच नियम आहे. प्रत्येक नोंदीत हातापायांनी केलेली एखादी कृती हवी आणि एखादी वस्तू हवी. ‘तो मनमिळाऊ होता’ ही नोंद नाही. ‘यष्टी लागली की खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायचा, आणि मग ती जागा दुसऱ्यालाच द्यायचा’ ही नोंद आहे. ‘कष्टाळू’ ही नोंद नाही. ‘जेवतानाही तांब्याच्या तारेचा तुकडा बोटाला गुंडाळत बसायचा’ ही नोंद आहे.

लोकांना ‘तो कसा होता?’ असं विचारलं की ते गुणच सांगतात. मरण पावलेल्या माणसाबद्दल काय बोलायचं असतं ते त्यांना पाठ असतं. म्हणून प्रश्न वस्तूवरून विचारा. चहा कसा प्यायचा? चप्पल कुठे काढायचा? दुकानात सुट्टे पैसे कशात ठेवायचा? फोन उचलल्यावर पहिला शब्द कोणता? घरातून निघताना काय म्हणायचा? बाजारात भाव करताना हात कुठे असायचे? अशा प्रश्नाला ‘देवमाणूस’ हे उत्तर देताच येत नाही.

आणि घराबाहेरच्या माणसांना विसरू नका. घरच्यांना घरातल्या सवयी माहीत असतात, पण बाजारातल्या नि रस्त्यावरच्या नसतात. मी त्याच्या दुकानाशेजारच्या चहावाल्याकडे, भाजीवाल्या मावशींकडे आणि त्याच्याबरोबर धुळ्याला जाणाऱ्या दोघांकडे जाऊन बसलो. मावशींनी जे सांगितलं ते वहिनींनाही माहीत नव्हतं. भरताची वांगी घेताना तो देठ वाकवून ताजेपणा बघायचा, आणि हातात तोलून जड वांगं बाजूला ठेवायचा. जड वांग्यात बिया जास्त, हलकं वांगं भरताला चांगलं. हे आमच्याकडे सगळ्यांनाच माहीत असतं, पण प्रत्येक वांग्यावर तो जेवढा वेळ लावायचा तेवढा कुणी लावत नाही.

माझ्या वहीत चौतीस नोंदी झाल्या. त्यातली चौतिसावी माझी स्वतःचीच होती आणि ती सर्वांत शेवटी आठवली. शेतीची थ्री फेज लाईन आमच्याकडे पाळीने येते, एक आठवडा दिवसा तर एक आठवडा रात्री. रात्रपाळीच्या आठवड्यात लाईन आली की तो मला एक रिंग द्यायचा. एकच. मी उचलत नसे. उठायचं, बॅटरी घ्यायची, मोटर चालू करायला निघायचं. स्टार्टरला ऑटो बसवलं असतं तर ही वेळच आली नसती. पण तो मोटारी भरणारा माणूस. एखादा फेज गेला आणि ऑटोवर मोटर सुरू झाली तर ती जळते, हे त्याने रोज दुकानात बघितलेलं. म्हणून तो ऑटो लावायचा नाही आणि मलाही लावू द्यायचा नाही.

तपासा: वहीतली कोणतीही नोंद उघडा आणि तिथे गावातल्या दुसऱ्या एखाद्या माणसाचं नाव घालून वाचा. तरीही खरी वाटली तर ती नोंद काढा.

## ३. चौतीसमधून पाच निवडा

चार कडवी आणि एक ध्रुपद, म्हणजे पाच नोंदी. एका कडव्यात दोन सवयी कोंबू नका. ऐकणाऱ्याला एक चित्र दिसून स्थिर व्हायला चार ओळी लागतात.

निवडताना मी दोन गोष्टी बघतो. पहिली, ती सवय पुन्हा पुन्हा घडणारी हवी. एकदाच घडलेला प्रसंग, मग तो कितीही मोठा असो, गोष्ट म्हणून सांगावा. गाण्यात तो पहिल्या वेळी चालतो, ध्रुपद परत आलं की शिळा होतो. दुसरी, सवयीतून गुण आपोआप दिसला पाहिजे. आमच्या मित्राचं उधारीचं खातं दुकानाच्या दाराच्या आतल्या बाजूला खडूने लिहिलेलं असायचं आणि दिवाळीला तो फडकं घेऊन ते पुसायचा. हे सांगितल्यावर ‘उदार’ हा शब्द लिहायची गरज राहत नाही. लिहिलाच तर चित्र पुसट होतं.

मग क्रम लावा. बहुतेक लोक सर्वांत हळवी सवय आधी घालतात आणि पुढची तीन कडवी उतरत जातात. मी बाहेरून आत येतो: आधी रस्ता, मग बाजार, मग दुकान, मग घराचा उंबरठा. माणूस दिवसभराचं काम आटोपून घरी येतो तसं गाणं जवळ येत जातं. आमच्या गाण्यात म्हणून यष्टीतला रुमाल, वांगी, खडूचं दार आणि निरोप, या क्रमाने चार कडवी ठरली. एक रिंग ध्रुपदाला ठेवली.

## ४. ध्रुपद आधी लिहा

ध्रुपद पाच वेळा म्हटलं जातं, म्हणून त्यात सर्वांत साधी आणि सर्वांत जास्त वेळा घडणारी गोष्ट घ्या. त्यात ‘आठवण’, ‘सोबत’, ‘तुझ्याविना’ असं काही नको. ऐकणारे आठवण काढायलाच बसलेले असतात, त्यांना ते वेगळं सांगावं लागत नाही.

माझं ध्रुपद असं झालं:

> रात्री दोनला वाजते
> एक रिंग, मग शांत
> लाईन आली असेल
> उठतो मी अंधारात

इथे एक काम आधीच करून ठेवायचं असतं. शेवटच्या वेळी ध्रुपदात काय बदलणार हे ध्रुपद लिहितानाच ठरवा. चार वेळा तेच म्हणायचं आणि पाचव्यांदा दोन ओळी हलवायच्या, बाकीच्या तशाच ठेवायच्या. गाण्यातलं दुःख तेवढ्या हालचालीत मावतं. माझं शेवटचं ध्रुपद:

> रात्री दोन वाजतात
> फोन उशापाशी शांत
> लाईन आली असेल
> उठतो मी अंधारात

‘वाजते’ची जागा ‘वाजतात’ने घेतली. आधी फोन वाजायचा, आता घड्याळात दोन वाजतात. तो गेला हे गाण्यात कुठेही म्हटलेलं नाही. आणि ही ओळ लिहिताना मला काही रचावं लागलं नाही, रात्रपाळीच्या आठवड्यात आजही मला दोनला जाग येते.

इशारा: शेवटच्या ध्रुपदात चारही ओळी बदलल्या तर ऐकणाऱ्याला ते नवीन कडवं वाटतं. निम्म्या ओळी जशाच्या तशा राहू द्या, म्हणजे काय हललं ते ऐकू येईल.

## ५. कडवी आठ अक्षरांत बांधा

नव्याने लिहिणाऱ्याने आठ अक्षरांची ओळ घ्यावी. ओवी-अभंगांमुळे ती आपल्या कानात आधीच बसलेली आहे, आणि भजनी ठेक्याच्या आठ मात्रांवर ती सरळ उतरते. ओळ लहान असल्यामुळे विशेषणाला जागाही उरत नाही.

मोजताना तीन गोष्टी लक्षात ठेवा. जोडाक्षर एकच अक्षर: ‘रात्री’ दोन, ‘खिडकीच्या’ चार. अनुस्वाराचं वेगळं अक्षर धरायचं नाही: ‘शांत’ दोन. आणि बोलताना शेवटचा अकार आपण गिळत असलो तरी मोजताना तो धरायचा: ‘रुमाल’ तीन. पहिल्या दिवशी बोटांवर मोजा, नंतर तोंडाने म्हणूनच कळतं. नऊ अक्षरांची ओळ झाली की ठेक्यावर ती घसरते आणि तोंडातल्या तोंडात अडते.

पहिलं कडवं:

> खिडकीच्या जागेवर
> टाके रुमाल दुरून
> स्वतः मात्र उभा राही
> दांडा हातात धरून

दुसरं लिहिताना मी यमकात अडकलो. आधी ‘देठ पाही, रंग नाही’ आणि चौथी ओळ ‘घाई कधी केली नाही’ असं लिहिलं होतं. अक्षरं आठ भरत होती, पण दोन्हीकडे ‘नाही’ आल्यामुळे यमक नुसतं आपटत होतं, आणि ‘घाई केली नाही’ हा पुन्हा गुणच झाला. दोन दिवस ठेवून मग हातांकडे वळलो:

> भरताची वांगी घेता
> देठ पाही वाकवून
> जड वांगे ठेवी मागे
> हलके घे निवडून

यमक दुसऱ्या आणि चौथ्या ओळीत पुरे. चारही ओळींना यमक लावायला गेलात की ‘घाला-गेला-झाला-केला’ या रांगेत शिरता, आणि ती रांग सरळ फलकापर्यंत नेते. ‘काळाने हा घाला केला, देवमाणूस हा गेला’ ह्याही बरोबर आठ-आठ अक्षरांच्या ओळी आहेत. मोजणी बरोबर आली म्हणजे ओळ बरोबर आली असं धरू नका.

तिसरं कडवं खडूचं. ते घरच्यांना ऐकवल्यावर बदललं, म्हणून पुढे सांगतो. चौथं निरोपाचं:

> निघताना पाठमोरा
> ‘येस भो’ इतके बोले
> कडी कधी लावली ना
> दार अर्धे असे खुले

बोलीबद्दल इथेच सांगून टाकतो, कारण त्यात फार चुका होतात. संपूर्ण गाणं अहिराणीत लिहायचा मोह होतो. तुम्ही रोज घरात अहिराणी बोलत असाल तर जरूर लिहा. पण शिकून, विचारून अहिराणी घालू नका, ती लगेच कळते. शिवाय खान्देशात सगळीकडे एक बोली नाही. रावेर-यावलकडच्या लेवा घरात ‘मले-तुले’ म्हणतात, आमच्या बाजूला ‘माले-तुले’ आणि ‘मन्हा-तुन्हा’. म्हणून नियम असा ठेवा: बोलीतला शब्द फक्त मित्राच्या तोंडी, आणि तोही त्याने खरंच उच्चारलेला, अगदी तसाच.

‘येस भो’ हा असा शब्द आहे. घरातून निघताना आपण मराठीत ‘येतो’ म्हणतो, जातो म्हणत नाही. अहिराणीत तेच ‘येस’. आणि अहिराणीत मी येस, तू येस, तो येस, तिघांना क्रियापदाचं रूप एकच. त्यामुळे तो शब्द कडव्यात ठेवल्यावर ‘मी येतो’ आणि ‘तो येतो’ दोन्ही ऐकू येतं. हे मी ठरवून केलं नव्हतं, लिहून झाल्यावर ध्यानात आलं.

एक अडचण मात्र आली. पुण्याहून आलेल्या भाच्याला ‘येस’ हा इंग्रजी होकार वाटला. काही जणांनी सुचवलं की ‘येतो’ करून टाका. मी केलं नाही, कारण तो ‘येतो भाऊ’ असं आयुष्यात कधी म्हणाला नव्हता. गाण्याआधी एक वाक्य सांगितलं, “निघताना तो ‘येस भो’ म्हणायचा, म्हणजे ‘येतो रे’.” एवढं पुरतं.

## ६. पेन्सिल घेऊन दुःखाचे शब्द खोडा

पाचही तुकडे झाले की कागद एक दिवस बाजूला ठेवा आणि मग पेन्सिल घेऊन बसा. हे शब्द दिसले की खोडा: आठवण, अश्रू, काळ, नियती, पोरका, हरपला, स्वर्ग, तारा, अमर. ‘तू गेलास’ असं थेट सांगणारी ओळही खोडा. खोडल्यावर ओळ मोडत असेल तर त्या ओळीत दुसरं काही नव्हतं असं समजा, आणि वहीत परत जा.

माझ्या तिसऱ्या मसुद्यात ‘शांत’ शब्दाआधी ‘आता’ होता: ‘फोन आता आहे शांत’. अक्षरं आठच. पण ‘आता’ म्हटलं की आवाज आपोआप भरून येतो आणि ऐकणाऱ्याला इशारा मिळतो की इथे रडायचं आहे. ‘उशापाशी’ घातल्यावर ओळीला जागा मिळाली. फोन कुठे आहे हे सांगितलं, काय वाटतं ते सांगितलं नाही.

मित्राचं नाव गाण्यात घालायचं की नाही? माझ्या मते नको. मंडपात त्याचा फोटो असतो, नाव प्रत्येकाच्या मनात असतं. ध्रुपदात नाव आलं तर पाच वेळा त्याच्या आईला ते ऐकावं लागतं.

तपासा: गाणं अशा एका माणसाला वाचून दाखवा जो मित्राला ओळखत नव्हता. ‘हा माणूस कसा होता?’ असं विचारल्यावर त्याने गुण आपणहून सांगितले, तर गाणं झालं. ‘फार वाईट झालं’ एवढंच म्हणाला तर पुन्हा तिसऱ्या पायरीवर जा.

## ७. घरच्यांना आधी ऐकवा

मंडपात पहिल्यांदा ऐकवू नका. ज्या माणसाला सुरुवातीला विचारलं होतं, त्याच माणसाला, घरी, चहाच्या वेळी, चाल न लावता वाचून दाखवा. चाल लावली की लोक चूक दाखवायला कचरतात.

वहिनी खडूच्या कडव्यावर थांबल्या. मी लिहिलं होतं की दिवाळीला तो सगळी उधारी पुसून टाकायचा. त्या म्हणाल्या, “सगळी कुठली? दोन नावं ठेवायचे दरसाल. ती माणसं देऊ शकत होती ना.” मला हे माहीत नव्हतं. कडवं बदललं:

> दाराआड खडूने तो
> उधारीचे अंक लिही
> दिवाळीला पुसे, तरी
> दोन ठेवी, बाकी नाही

पहिला मसुदा मित्राला संत करत होता. दोन नावं ठेवणारा माणूस खरा आहे, आणि मंडपात त्या ओळीला लोक हसले ते ओळख पटून हसले. ही दुरुस्ती घराबाहेर कुणीच सांगू शकलं नसतं.

इशारा: उधारी, भांडणं, जमिनीच्या वाटण्या यांत ज्यांची नावं येतात त्यांची ओळख गाण्यात लागू देऊ नका. ती दोन माणसंही मंडपात बसलेली असू शकतात. माझ्या कडव्यात ती कोण हे कळत नाही, हे मी मुद्दाम दोनदा तपासलं.

## ८. चाल आणि पट्टी

सिनेमाच्या चालीवर बसवू नका. चाल ओळखीची असली की ऐकणाऱ्याच्या मनात मूळ शब्द वाजतात आणि तुमचे शब्द त्याखाली दबतात. मंडळात चालणारी एखादी साधी भजनी चाल घ्या, किंवा गावातल्या बाया जात्यावर म्हणायच्या त्या ओवीच्या चालीजवळ राहा. नवी चाल करायची असेल तर मध्य सप्तकात षड्जापासून पंचमापर्यंत फिरवा आणि क्वचित धैवताला हात लावा. तार षड्ज नकोच. गळा दाटून येतो तेव्हा तो वरच्या सुरांवरच फाटतो, आणि मग माणसं गाणं सोडून तुमच्याकडे बघतात.

त्याच कारणाने पट्टी उतरवा. एरवी काळी दोनमध्ये गात असाल तर काळी एक धरा. घरी गाताना आवाज थोडा खाली, बोलल्यासारखा वाटेल. त्या दिवशी तोच उपयोगी पडतो.

लय फार संथ ठेवू नका, ही सर्वांत जास्त होणारी चूक. संथ लयीत प्रत्येक शब्द ओढला जातो आणि ओढला की रडका होतो. चालत्या भजनाची मध्यलय ठेवा, मिनिटाला साधारण ऐंशी मात्रा. ओळीला एक आवर्तन, आणि प्रत्येक भागानंतर एक आवर्तन नुसतं पेटीला सोडा, श्वास घ्यायला. पाच ध्रुपदं आणि चार कडवी मिळून गाणं साडेचार मिनिटांच्या आत संपतं. त्याहून लांबवू नका. पेटी आणि तबला किंवा ढोलकी हलक्या हाताने पुरे, आणि टाळ फक्त ध्रुपदाला.

## ९. गाण्याचा दिवस

आदल्या आठवड्यात रोज एकदा, उभं राहून, मोठ्याने गा. पहिल्या तीन दिवसांत एखाद्या ओळीवर तुम्ही अडकालच. मी दुसऱ्या कडव्यावर अडकलो, शेवटच्या ध्रुपदावर नाही. कुठे अडकाल ते आधी सांगता येत नाही, म्हणूनच सराव करायचा. जी ओळ अडवते ती वीस-पंचवीस वेळा नुसती बोला, काम करता करता बोला, म्हणजे तोंडाला तिची सवय होते.

मंडळातल्या एकाला शब्द पाठ करून ठेवायला सांगा. तुमचा आवाज गेला तर त्याने त्याच क्षणी पुढची ओळ उचलायची, पेटी थांबवायची नाही. हे आधी ठरलेलं असलं की निम्मी धास्ती जाते.

गाताना फोटोकडे बघू नका, घरच्यांकडेही बघू नका. मागच्या रांगेतल्या एखाद्या खांबावर नजर ठेवा. सुरुवातीला भाषण नको, बोलीचा शब्द असेल तर त्याचं एक वाक्य सांगून सरळ ध्रुपद उचला. शेवटचं ध्रुपद वाढवू नका, लय उतरवू नका, ‘अंधारात’ म्हणून जसं इतर वेळी थांबता तसंच थांबा. नंतर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ असं म्हणायची गरज नाही. पेटी मिटा आणि खाली बसा.

मोबाइलवर कुणी चित्रण केलं असेल तर घरच्यांनी हो म्हणेपर्यंत ते गटावर पुढे पाठवू नका असं त्याला तिथेच सांगा. गाण्याचा कागद स्वच्छ अक्षरात पुन्हा लिहून घरी द्या. आणि सवयींची ती वहीही द्या. गाण्यात पाचच नोंदी आल्या, उरलेल्या एकोणतीस त्यात आहेत. आमच्या वहिनींनी त्यात पुढे स्वतःच्या अक्षरात सात नोंदी लिहिल्या, त्यातली एक तांब्याच्या तारेची अंगठी करून पोरीच्या बोटात घालायचा, ही.